पहिल्या पे स्लिपमधली एकेक कपात आईला पत्रातून कशी सांगावी?

प्रश्न: मी इंजिनिअर आहे. १६ जून २०२५ ला पहिल्या नोकरीवर रुजू झाले, कंपनी पुण्यात आहे. पॅकेज साडेसहा लाखांचं. आईने बाराने भागून महिन्याचे चौपन्न हजार धरले होते आणि खात्यात आले २२,७२५. ‘एवढे पैसे कुणी कापले?’ असं ती रोज फोनवर विचारते. तिला सविस्तर पत्र लिहून प्रत्येक कपात सांगायची आहे, पण मलाच सगळं कळलेलं नाही. स्लिपवर बेसिक १२,५००, एचआरए ५,०००, स्पेशल अलाउन्स ७,५०० असं आहे. कपातीत पीएफ १,५००, पीटी ०, एलडब्ल्यूएफ २५, मेडिकल ७५०, टीडीएस ०. ऑफर लेटरमध्ये कंपनीचा पीएफ वर्षाला ३६,००० आणि ग्रॅच्युइटी १४,४३० असंही लिहिलंय.

उत्तर:

पत्राची सुरुवात कपातींपासून करू नका. तुमच्या स्लिपवरच्या सगळ्या कपातींची बेरीज २,२७५ रुपये होते. आईच्या हिशेबात मात्र एकतीस हजारांहून जास्त रक्कम गायब आहे. म्हणजे तिला जे कापलं गेलंय असं वाटतंय, त्यातलं बहुतेक कुणी कापलेलंच नाही. ते आधी सांगितलं नाही, तर तुम्ही पीएफ कितीही छान समजावून सांगा, बेरीज जुळत नाही म्हणून ती पुन्हा तोच प्रश्न विचारेल. आणि तिचा प्रश्न रास्तच आहे.

मी गेली अनेक वर्षं कंपन्यांची पगारपत्रकं करते. नवीन मुलामुलींच्या घरून येणाऱ्या शंका जवळपास नेहमी याच जागी अडतात. म्हणून आधी चौपन्न हजारांपासून बावीस हजारांपर्यंतचा रस्ता आखू आणि मग एकेका कपातीकडे येऊ. काही गोष्टी कंपनीनुसार बदलतात, त्या त्या जागी सांगते. करांचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि महाराष्ट्रातले आहेत.

तुमचं पॅकेज नेमकं ६,५०,४३० रुपयांचं दिसतंय. बाराने भागलं तर महिन्याला ५४,२०२. यात कंपनी तुमच्या पीएफ खात्यात भरते ते महिन्याचे ३,००० आणि ग्रॅच्युइटीच्या तरतुदीचे १,२०२ धरलेले आहेत. हे दोन्ही आकडे पॅकेजमध्ये मोजले जातात, पण पगार म्हणून कधीच हातात येत नाहीत. ते वजा केले की तुमचा खरा मासिक ग्रॉस पगार राहतो ५०,०००. जूनमध्ये तुम्ही १६ तारखेपासून ३० तारखेपर्यंत, म्हणजे तीसपैकी पंधरा दिवस कामावर होतात. त्यामुळे ग्रॉस निम्मा, २५,०००. त्यातून २,२७५ च्या कपाती गेल्या आणि २२,७२५ उरले.

पत्रात हे असं लिहिता येईल:

“आई, तू चौपन्न हजार धरलेस ते चुकीचं नव्हतं, पण त्यातले ४,२०२ रुपये पगार नाहीतच. कंपनी माझ्यासाठी बाजूला ठेवते ती रक्कम त्यांनी पॅकेजमध्ये मोजली आहे. महिन्याचा पूर्ण पगार ५०,०००. मी सोळा तारखेला लागले, म्हणून या वेळी पंधराच दिवसांचे २५,००० झाले. त्यातून खरोखर कापले गेले ते फक्त २,२७५. आता ते कुठे गेले ते सांगते.”

ग्रॅच्युइटी कपातीच्या रकान्यात नाही, पण आई विचारेलच, म्हणून दोन वाक्यं हवीत. नियमित नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावर कंपनी सोडताना, दर वर्षामागे शेवटच्या बेसिकचे पंधरा दिवसांचे पैसे मिळतात आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. २५,००० ला २६ ने भागून १५ ने गुणलं की १४,४२३ येतात. ऑफर लेटरमधला १४,४३० हा आकडा याच हिशेबाची टक्केवारी गोल करून आलाय. पाच वर्षांच्या आत नोकरी सोडलीत तर सहसा ही रक्कम मिळत नाही. आईला हे स्पष्ट सांगा. नाहीतर पुढे नोकरी बदलताना तिला वाटेल की हक्काचे पैसे सोडून आलीस.

आता पीएफ. पत्रातली सर्वांत मोठी जागा याला द्या, कारण कापलेल्या २,२७५ पैकी १,५०० इथे आहेत आणि हे पैसे तुमचेच आहेत. बेसिकच्या १२ टक्के रक्कम तुमच्या पगारातून जाते आणि तेवढीच कंपनी स्वतःची घालते. जूनचं बेसिक १२,५००, त्याचे १२ टक्के १,५००. जुलैपासून बेसिक पूर्ण २५,००० होईल आणि कपात ३,०००. काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवर हिशेब करून महिन्याला १,८०० च कापतात; तुमची कंपनी पूर्ण बेसिकवर हिशेब करते, हे ऑफर लेटरमधल्या वर्षाच्या ३६,००० वरून दिसतं. मैत्रिणीच्या स्लिपवर १,८०० दिसले तर गोंधळू नका, दोन्ही पद्धती नियमात बसतात.

आईला टक्क्यांपेक्षा मार्चअखेर खात्यात किती साठतील ते सांगा. जूनचे तुमचे १,५०० आणि कंपनीचे १,५००. पुढे जुलै ते मार्च नऊ महिने दोघांचे मिळून ६,०००. एकूण ५७,००० आणि वर व्याज. २०२४-२५ साठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण जमा होतं वर्षातून एकदा. त्यामुळे मध्येच पासबुक उघडून ‘व्याज कुठंय?’ म्हणून घाबरायचं कारण नाही.

“आई, पीएफचे १,५०० माझ्याच नावाने जमा झालेत आणि कंपनीने त्यात स्वतःचे १,५०० घातलेत. पुढच्या महिन्यापासून दोघांचे मिळून सहा हजार पडतील. मार्चपर्यंत सत्तावन्न हजार होतात, व्याज वेगळं. नोकरी बदलली तरी खातं मोडायचं नाही, ते नव्या कंपनीकडे नेता येतं. म्हणून हे पैसे गेले असं धरू नकोस, बाजूला पडले असं धर.”

नोकरी बदलल्यावर पीएफ काढून घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत रक्कम काढली तर सहसा तिच्यावर कर लागतो. खातं नव्या कंपनीकडे वळवलं तर आधीची वर्षंही सेवेत धरली जातात. आईला आज एवढं पुरे.

याच ठिकाणी तुम्ही स्वतः एक गोष्ट तपासायला हवी. ती पत्रात लिहिली नाही तरी चालेल, पण पत्र पाठवण्याआधी बघा. कंपनीच्या १२ टक्क्यांतला ८.३३ टक्के भाग एरवी पेन्शन योजनेत जातो आणि उरलेला पीएफमध्ये. पण १ सप्टेंबर २०१४ नंतर ज्यांची ही पहिलीच नोकरी आहे आणि रुजू होताना ज्यांचं बेसिक १५,००० पेक्षा जास्त आहे, त्यांना पेन्शन योजनेचं सदस्य होता येत नाही. त्यांच्या बाबतीत कंपनीची सगळी रक्कम पीएफमध्येच जायला हवी. तुमचं बेसिक २५,०००, म्हणजे तुम्ही याच गटात येता.

अडचण पहिल्या अर्ध्या महिन्यात येते. जूनचं तुमचं बेसिक १२,५०० दिसतंय, पंधरा हजारांच्या खाली. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर नीट लावलेलं नसेल तर ते त्या महिन्यात मिळालेला पगारच बघतं आणि तुम्हाला पेन्शन योजनेत ढकलतं. खरं तर बघायचा असतो पूर्ण महिन्याचा ठरलेला दर. एकदा पेन्शनचं खातं उघडलं गेलं की पुढचे महिनेही त्याच वाटेने जातात. हे कित्येकदा लक्षात येतं ते पाच-सहा वर्षांनी, खातं वळवताना किंवा पैसे काढताना अर्ज अडकतो तेव्हा. मग जुन्या कंपनीच्या मागे लागून दुरुस्ती करून घ्यावी लागते.

तपासणं सोपं आहे. कंपनीने जूनचे पैसे १५ जुलैपर्यंत भरायचे असतात. त्यानंतर थोड्या दिवसांनी यूएएन वापरून पासबुक उघडा. हा पीएफसाठीचा बारा अंकी नंबर बहुधा तुमच्या स्लिपवरच छापलेला असेल. पासबुकात तीन रकाने दिसतील: तुमचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. तुमची जूनची नोंद १,५००, १,५०० आणि शून्य अशी हवी. ती १,५००, ४५९ आणि १,०४१ अशी दिसली तर वर सांगितलेली चूक झालेली आहे. जुलैमध्ये हीच चूक ३,०००, १,७५० आणि १,२५० अशी दिसेल. तसं असेल तर त्याच आठवड्यात एचआरला लेखी कळवा. एक-दोन महिन्यांची दुरुस्ती कंपनीला फारशी जड जात नाही.

पासबुक उघडलंच आहे तर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीख आधारशी आणि ऑफर लेटरशी ताडून बघा. आणि नॉमिनेशन भरा. अविवाहित मुलीला आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावं देता येतात. लग्न झाल्यावर मात्र ते नव्याने करावं लागतं. नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलंत तर पत्रात आवर्जून लिहा. आईला त्या खात्यावर विश्वास बसायला याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

पीटी, म्हणजे व्यवसाय कर. शून्य असलेली कपात समजावून का सांगायची? कारण पुढच्या महिन्यात ती शून्य नसेल आणि आई म्हणेल की मागच्या महिन्यात नव्हतं ते या महिन्यात कुठून आलं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिन्याच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. तुमचा जूनचा पगार बरोबर २५,००० भरला. एक रुपया जास्त असता तर २०० कापले गेले असते. पुरुषांसाठी मर्यादा वेगळी आहे. दहा हजारांच्या वर पगार असेल तर त्यांचे २०० जातात. म्हणजे तुमच्यासोबत त्याच दिवशी, त्याच पगारावर लागलेल्या मुलाच्या जूनच्या स्लिपवर २०० दिसतील आणि तुमच्या नाही. जुलैपासून पगार ५०,००० झाला की तुमचेही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीचे ते शंभर जास्त का, तर पूर्ण वर्षाची बेरीज २,५०० व्हावी म्हणून. याहून जास्त व्यवसाय कर एका वर्षात घेता येत नाही, ही मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच आहे. तुमचं हे वर्ष अपुरं असल्यामुळे मार्चपर्यंत तुमचे १,९०० जातील. पीएफसारखा हा परत मिळत नाही. हा राज्य सरकारचा कर आहे, आणि पत्रात तसं सरळ लिहा.

“आई, या महिन्यात पगार पंचवीस हजारांवर गेला नाही, म्हणून व्यवसाय कर लागला नाही. बायकांना तेवढी सवलत आहे. पुढच्या महिन्यापासून दोनशे जातील आणि फेब्रुवारीत तीनशे. फेब्रुवारीत तुला शंभर कमी दिसले तर ते हे.”

एलडब्ल्यूएफ म्हणजे महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापतात: तुमचे २५ आणि कंपनीचे ७५. ३० जूनला हजेरीपटावर नाव असलं की पूर्ण २५ जातात, मग पंधरा दिवस काम केलेलं असो की सहा महिने. म्हणूनच हा आकडा निम्मा झालेला नाही. आईसाठी एक ओळ पुरे.

मेडिकलचे ७५० कायद्याने कापलेले नाहीत, ते तुम्ही रुजू होताना निवडलेल्या पर्यायामुळे आहेत. बहुतेक कंपन्यांत कर्मचाऱ्याचा स्वतःचा विमा कंपनी भरते आणि आईवडिलांना सामील केलं तर त्याचा हप्ता पगारातून जातो. तुमचंही तसंच असावं, पण एचआरकडून खात्री करा आणि तीन गोष्टी विचारा: विम्यात नक्की कोणाची नावं आहेत, आधीपासून असलेले आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का, आणि खर्चातला काही भाग स्वतः भरावा लागतो का. आईवडिलांच्या बाबतीत दहा-वीस टक्के स्वतः भरण्याची अट असलेल्या पॉलिसी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आईला शुगर किंवा बीपी असेल तर तिच्यासाठी या ७५० रुपयांचा अर्थ या उत्तरांवर ठरतो. पत्रासोबत विम्याच्या कार्डाची प्रत पाठवा. दवाखान्यात ऐनवेळी कार्डच लागतं आणि त्या वेळी तुम्ही ऑफिसात असाल. नोकरी सोडली की हा विमा सहसा संपतो, तेही तिला माहीत असू द्या.

राहिला टीडीएस, म्हणजे आयकर. शून्य आहे आणि योग्य आहे. कंपनी एका महिन्याच्या पगारावर कर मोजत नाही. मार्चपर्यंत तुम्हाला किती मिळेल याचा अंदाज काढून वर्षाचा कर ठरवते आणि तो उरलेल्या महिन्यांत वाटते. तुमचा अर्धा जून आणि पुढचे नऊ महिने मिळून ४,७५,००० होतात. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात बरोबर ४,००,०००, आणि नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर शून्य आहे. पुढच्या वर्षी पूर्ण सहा लाख मिळाले तरी हेच नियम कायम असतील तर कर भरावा लागणार नाही, कारण वजावटीनंतर बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर लागणारा कर सवलतीत माफ होतो. तुमच्या नावावर ठेवी असतील तर त्यांचं व्याज किंवा या वर्षी आधी मिळालेला स्टायपेंड या हिशेबात मिळवा. या रकमांनी तुम्ही बारा लाखांच्या जवळ जाणार नाही, पण एकूण चार लाखांवर गेलात तर रिटर्न मात्र भरावं लागेल.

हे आईला मुद्दाम सांगायला हवं, कारण मुलगी नोकरीला लागली की ओळखीतले एजंट ‘टॅक्स वाचवायला’ म्हणून पॉलिसी घेऊन घरी येतात आणि आईच्या भिडेपोटी मुलीची सही होते. तुमचा करच शून्य आहे, त्यामुळे वाचवायला काही नाही. शिवाय नव्या प्रणालीत विम्याच्या हप्त्यावर वजावट मिळतही नाही. पॉलिसी घ्यायची असेल तर ती दुसऱ्या कारणासाठी घ्या, कराच्या नावाने नको.

“आई, आयकर माझा एक रुपयाही कापलेला नाही आणि या पगारावर लागणारही नाही. कुणी कर वाचवण्याची पॉलिसी घेऊन आलं तर माझ्याशी बोलल्याशिवाय हो म्हणू नकोस.”

पत्राच्या शेवटी जुलैचा हिशेब आधीच लिहून टाका, म्हणजे पुढचा पगार झाला की आई स्वतः ताडून बघेल. ग्रॉस ५०,०००. त्यातून पीएफ ३,०००, व्यवसाय कर २००, मेडिकल ७५०. कामगार कल्याण निधी नाही, आयकर नाही. खात्यात ४६,०५०. डिसेंबरमध्ये यातून २५ कमी होतील, फेब्रुवारीत १००. सुट्टी बिनपगारी झाली नाही आणि पगार बदलला नाही, तर मार्चपर्यंत दुसरा काही फरक पडायला नको. याव्यतिरिक्त एखादा आकडा स्लिपवर दिसला, तर तो कसला आहे हे एचआरला त्याच महिन्यात विचारा.